मोठी कॉपी करताना एक्स्टर्नल एसएसडी तापते आणि मध्येच सुटते

अकोलेकर_शटर
नमस्कार मंडळी. अकोल्यात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो. सीझन संपला की लॅपटॉपवरचं सगळं फूटेज बाहेरच्या एसएसडीवर हलवावं लागतं, साधारण ९०० जीबी एका दमात. २ टीबीची एनव्हीएमई एसएसडी सुटी घेतली होती आणि १० जीबीपीएसचं ॲल्युमिनियमचं केसिंग वेगळं घेतलं. केसिंगबरोबर निळं रबरी कव्हर आलंय, ते चढवलेलं असतं.

होतं असं. सुरुवातीला वेग ८५० एमबीच्या आसपास असतो. पाचेक मिनिटांनी तो ३५० वर येतो आणि तिथेच टिकतो. मग वीस-पंचवीस मिनिटांनी यूएसबी काढल्याचा आवाज येतो, ड्राइव्ह दिसेनासा होतो आणि कॉपी अर्धवट पडते. केबल काढून लगेच परत लावली की ड्राइव्ह दिसतो, पण मग सहा-सात मिनिटांतच पुन्हा सुटतो. रात्रभर तसाच ठेवला की सकाळी पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं चालतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दरवेळी १५७ नंबरची नोंद सापडते, `Disk 1 has been surprise removed`. दुपारी खोलीत ३७-३८ डिग्री असतं, कूलर दुसऱ्या खोलीत.

ग्राहकांचं फूटेज आहे, दुसरी प्रत नाही, म्हणून लॅपटॉपवरून अजून काही पुसलेलं नाही. नवीन केसिंग घ्यावं की एसएसडीच बदलावी?

निळूभाऊ
एसएसडी बदला, क्यूएलसी असणार. या एसएसडींमध्ये सुरुवातीचा थोडा भाग जलद लिहिण्यासाठी राखून ठेवलेला असतो. तो भरला की वेग धाडकन खाली येतो. ८५० वरून ३५० म्हणजे अगदी तेच. कॅशे भरते, एसएसडी अडकते आणि विंडोज तिला बाहेर काढतं. बाकी काही शोधत बसू नका.

तांबडी_माती
माझंही असंच आहे हो! टीव्हीला जोडलेली हार्ड डिस्क आहे, जुनी, पाकिटाएवढी. मोठा सिनेमा टाकायला घेतला की टक टक आवाज येतो आणि बंद पडते. हातालाही गरम लागते. मीही पंखा लावू का?

पारिजात८१
आमचे यजमान अशा वेळी डिस्क स्टीलच्या ताटात ठेवतात आणि फ्रीजमधली बर्फाची पिशवी वर. स्टील उष्णता ओढून घेतं. दादा, करून बघा, फुकटचा उपाय आहे.

मांडवी_किनारा
ताई, बर्फ अजिबात नको! मी पणजीत राहतो. इथे गार वस्तू टेबलावर ठेवली की दोन मिनिटांत पाणी सुटतं. तेच पाणी केसिंगच्या आत, चालू बोर्डावर जमलं तर एसएसडी तर जाईलच, लॅपटॉपचा पोर्टही जाईल. अकोल्यात उन्हाळ्यात हवा कोरडी असते हे खरं, पण कूलर चालू असलेल्या घरात तीही कोरडी राहत नाही. फ्रीजमध्ये ठेवून बाहेर केबल काढणारेही पाहिलेत. तेही करू नका.

सोल्डरगन
मी दुरुस्तीचं काम करतो, असली केसिंगं बेंचवर वरचेवर येतात. अकोलेकरांनी दिलेल्या माहितीत उत्तराचा बराचसा भाग आलेला आहे. नीट बघू.

निळूभाऊंचं वेगाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पाचव्या मिनिटाला वेग उतरला तो कॅशे भरल्यामुळेच. पण कॅशे भरल्याने एसएसडी मंदावते, यूएसबीवरून गायब होत नाही. शिवाय कॅशे जीबी मोजते, तापमान नाही. दोष तिचा असता तर ड्राइव्ह दरवेळी तेवढाच डेटा लिहून सुटला असता. इथे गरम असताना लगेच लावला तर सहा मिनिटं आणि रात्रभर थंड झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे आतलं काहीतरी ठरावीक तापमानाला पोचलं की सुटतंय. केबल किंवा विजेचा दोष असता तर थंड असतानाही तो पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत सुटला असता, कारण लिहिण्याचा पूर्ण भार तेव्हापासूनच असतो.

तर उष्णताच, असं मला वाटतं. पण कशाची? केसिंगमध्ये तापणाऱ्या दोन गोष्टी असतात. एक एसएसडी. दुसरी म्हणजे एनव्हीएमईची भाषा यूएसबीत बदलणारी छोटी ब्रिज चिप, नखाएवढी, टाइप-सी पोर्टच्या जवळ. एसएसडी जास्त वॅट खाते, पण ती लांबरुंद असते आणि तिच्यावर पॅड असतो. ब्रिज चिप एखाद-दीड वॅटच खाते, पण ती उष्णता बाहेर जायला बरेचदा वाटच नसते.

आता तीन गोष्टी करा. CrystalDiskInfo उघडं ठेवून कॉपी सुरू करा आणि ड्राइव्ह सुटण्याच्या आधीचं शेवटचं तापमान लिहून ठेवा. नंतर केसिंग थंड झाल्यावर उघडून पॅड कुठून कुठपर्यंत आहे ते बघा. आणि ते रबरी कव्हर आजच काढून टाका.

@तांबडी_माती, तुमची गोष्ट वेगळी आहे. फिरणारी डिस्क टक टक करते आणि बंद पडते तेव्हा बहुधा तिला पुरेशी वीज मिळत नसते किंवा तिचा हेड थकलेला असतो. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपियर देतो, यूएसबी ३ चा ९०० देतो. टीव्हीचा पोर्ट जुना असेल तर डिस्क सुरू होते, पण लिहिताना दमते. संगणकाच्या निळ्या पोर्टला आखूड केबलने लावून बघा. तिथेही टक टक आली तर पंखा-बिंखा नको. आधी महत्त्वाचं काढून घ्या आणि तिच्यावर लिहिणं थांबवा.

अकोलेकर_शटर
सोल्डरगन भाऊ, मनापासून आभार. कव्हर काढून कॉपी लावली. पहिल्यापेक्षा थोडा जास्त वेळ चालली, मग सुटलीच. CrystalDiskInfo मध्ये शेवटचा आकडा ६४ डिग्री होता. केसिंगला मात्र हात ठेवता येत नव्हता, विशेषतः केबलच्या बाजूला. ६४ ला एसएसडी बंद पडते का?

पेंग्विन_सातारा
६४ ला नाही पडत. एसएसडीची स्वतःची इशाऱ्याची मर्यादा तिच्यातच लिहिलेली असते. लिनक्सवर अशी दिसते:

```
sudo smartctl -a -d sntasmedia /dev/sdb
```

ब्रिज चिप दुसऱ्या जातीची असेल तर `sntjmicron` किंवा `sntrealtek` लिहा. त्यात `Warning Comp. Temp. Threshold` ही ओळ बघा. बऱ्याच एसएसडींना ती ८० च्या आगेमागे असते. त्याखाली `Warning Comp. Temperature Time` असतं. त्या मर्यादेच्या वर एसएसडीने आजवर एकूण किती मिनिटं काढली, ते तिथे कळतं. ते शून्य असेल तर एसएसडी कधी इशाऱ्यापर्यंत तापलेलीच नाही.

अकोलेकर_शटर
मित्राच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, तिथे बघितलं. मर्यादा ८३ आणि मिनिटं शून्य.

निळूभाऊ
मग तापण्याचा प्रश्न मिटला की. ६४ कुठे आणि ८३ कुठे. केबल बदला.

सोल्डरगन
निळूभाऊ, प्रश्न मिटला नाही, तर जागा कळली. CrystalDiskInfo जो आकडा दाखवतं तो एसएसडीच्या आतल्या सेन्सरचा. ब्रिज चिपचं तापमान या केसिंगमध्ये कुठलाही प्रोग्रॅम दाखवत नाही. एसएसडी आरामात आहे, केबलच्या बाजूला हात ठेवववत नाही, आणि सुटतं ते यूएसबीच्या बाजूने. संशय ब्रिज चिपवर जातो. केबल जरूर बदलून बघा, पाच मिनिटांचं काम आहे, पण थंड-गरमचा हिशोब केबलने सुटत नाही.

आणखी एक सांगतो, कारण इथे लोक हमखास उलटं समजतात. धातूचं केसिंग बाहेरून चटका देतंय याचा अर्थ आतली उष्णता निदान बाहेर येतेय. आत एसएसडी ७५ ला आणि बाहेरून केसिंग कोमट, असं दिसलं तर काळजी करा, कारण पॅड कुठेतरी टेकलेला नाही. रबरी कव्हर असलं की हाताला कोमट लागतं आणि सगळं ठीक असल्यासारखं वाटतं.

केसिंग उघडलंत का?

अकोलेकर_शटर
उघडलं. एसएसडीवर लांब राखाडी पॅड आहे, तो झाकणाला व्यवस्थित टेकतो, त्यावर झाकणाचा ठसाही उमटलाय. पण पोर्टजवळची चौकोनी काळी चिप उघडीच आहे. तिच्यावर काहीच नाही, आणि झाकण तिच्यापासून बरंच वर राहतं. पॅडच्या एका कडेला पातळ पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं दिसलं, सोलल्यावर निघालं.

सोल्डरगन
मग हेच. ते प्लास्टिक पॅडवरचं संरक्षक आवरण. पॅडच्या दोन्ही बाजूंना असतं आणि बसवताना एक बाजू राहून जाते. तेवढ्यानेही फरक पडतो. पण मूळ दुखणं उघड्या चिपचं आहे. तिची उष्णता बोर्डातून आणि आतल्या कोंडलेल्या हवेतून जमेल तशी जाते. खोलीच ३८ डिग्रीची असेल तर तिथून पुढे चढायला फार काही उरत नाही. पुण्यात डिसेंबरात हेच केसिंग तक्रार न करता चालेल.

चिप आणि झाकण यांच्यात थर्मल पॅडचा तुकडा बसवा. जाडी अंदाजाने घेऊ नका. मुलांची खेळायची माती असते ना, तिची छोटी गोळी पातळ प्लास्टिकच्या कागदात गुंडाळा, चिपवर ठेवा, झाकण लावून स्क्रू पूर्ण आवळा आणि परत उघडा. दाबलेली गोळी सुरीने मधोमध कापून पट्टीवर मोजा, तेवढी फट आहे. पॅड त्याहून अर्धा मिलिमीटर जाड घ्या, म्हणजे तो दाबला जाऊन दोन्हीकडे नीट टेकेल. फार जाड घातला तर झाकण लावताना बोर्ड वाकतो आणि टाइप-सी पोर्टचं सोल्डर सुटतं. ती दुरुस्ती त्रासाची असते. स्क्रू आवळायला जोर लागला तर थांबा.

पॅड साधा सिलिकॉनचाच घ्या, तो वीज वाहत नाही. प्रोसेसरवर लावतात ती पेस्ट इथे चालणार नाही, एवढी फट ती भरू शकत नाही. लिक्विड मेटल तर केसिंगच्या जवळही आणू नका, ॲल्युमिनियम खातं.

पारिजात८१
मग ताटाचं काय? बर्फ नको हे पटलं, पण नुसतं ताट?

सोल्डरगन
पारिजातताई, त्रास काही नाही, पण स्टेनलेस स्टील उष्णता फार कमी वाहून नेतं. ॲल्युमिनियम त्याच्या दसपट तरी बरं. घरात ॲल्युमिनियमचं सपाट, जाड झाकण असेल तर ते घ्या. त्याहून सोपं म्हणजे केसिंग टेबलावर आडवं न टाकता उभं ठेवायचं, म्हणजे दोन्ही बाजू हवेला मोकळ्या राहतात. खरा फरक वाहत्या हवेने पडतो. संगणकाचा १२० मिलिमीटरचा ५ व्होल्टचा यूएसबी पंखा वीतभर अंतरावर ठेवा. तो मोबाइलच्या चार्जरवर चालवा, लॅपटॉपच्या त्याच हबला लावू नका. एसएसडीची वीज त्यात वाटायला नको.

पेंग्विन_सातारा
तोपर्यंत काम अडलं असेल तर वेग मुद्दाम कमी ठेवूनही काम निभतं. लिनक्सवर:

```
rsync -a --partial --bwlimit=200m /data/footage/ /mnt/ssd/footage/
```

९०० जीबीला सव्वा तास लागेल, पण उष्णता एकदम साठत नाही. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये वेग बांधायची सोय नाही, तिथे फूटेज तुकड्यातुकड्याने पाठवा आणि मध्ये गार होऊ द्या. अर्धवट पडलेलं पुढे न्यायला robocopy बरा:

```
robocopy D:\Footage E:\Footage /E /Z /R:5 /W:180
```

ड्राइव्ह सुटला तर तो तीन मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करतो. तेवढ्या वेळात केबल परत लावता येते. ड्राइव्हला तेच अक्षर मिळालं पाहिजे, हे बघा.

मांडवी_किनारा
एक काळजीचं विचारतो. लिहिता लिहिता सुटला त्या क्षणी जी फाइल चालू होती तिचं काय? आमच्याकडे एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग असंच गेलं. फाइलचा आकार बरोबर, पण शेवटची दहा मिनिटं नुसती हिरवी पट्टी.

पेंग्विन_सातारा
हे महत्त्वाचं विचारलंत. सुटण्याच्या क्षणी काही डेटा अजून मेमरीतच असतो, तो जातो. ड्राइव्ह एक्सफॅट असेल तर त्यात जर्नल नसतं, म्हणून प्रत्येक वेळी सुटल्यावर `chkdsk E: /f` चालवायला हवं. पण ते फक्त फोल्डरची रचना सांधतं, व्हिडिओ आतून शाबूत आहे का हे त्याला कळत नाही. त्यासाठी मूळ फाइल आणि प्रत दोन्हींचा हॅश काढून ताडून बघा:

```
certutil -hashfile D:\Footage\C0042.MP4 SHA256
certutil -hashfile E:\Footage\C0042.MP4 SHA256
```

सगळ्या फाइलींचा काढणं जमत नसेल तर निदान सुटण्याच्या आधीच्या काही मिनिटांत लिहिलेल्यांचा तरी काढा. आकार सारखा आहे म्हणून मूळ पुसू नका.

अकोलेकर_शटर
बातमी देतो. आधी केबल बदलून बघितली, काही फरक नाही. मातीची गोळी कापली तर अडीच मिलिमीटर निघाली. इथल्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे ३ मिलिमीटरचा पॅड मिळाला, चिपच्या मापाचा तुकडा कापून बसवला. झाकण सहज बसलं.

दुपारी, खोली ३७ वर, पंखा न लावता पूर्ण ९०० जीबी एकदाही न सुटता गेलं. पण एक गोष्ट कळली नाही. एसएसडीचं तापमान आधी ६४ पर्यंत जायचं, आता ६८ दाखवलं. पॅड लावून तापमान वाढलं कसं?

निळूभाऊ
बघा, पॅड चुकीचा बसलाय. एसएसडी जास्त तापतेय.

सोल्डरगन
पॅड बरोबर बसलाय, म्हणूनच वाढलंय. आधी ब्रिज चिपची उष्णता तिच्याजवळच अडकून होती. आता ती झाकणात उतरते, आणि एसएसडीही त्याच झाकणावर उष्णता टाकते. झाकण एक, तापणारे दोन. म्हणून एसएसडी चार डिग्रीने चढली. दुसरं म्हणजे आधी कॉपी मध्येच तुटायची, आता ती शेवटपर्यंत लिहितेय, तोही भाग त्यात आहे. ८३ पासून ६८ अजून लांब आहे. पंखा लावला की दोन्ही उतरतील.

अकोलेकर_शटर
पंखा लावून बघितला, एसएसडी ५३ वर स्थिर राहिली. केसिंग हातात धरता येतं. ज्या फाइली आधीच्या वेळी सुटताना चालू होत्या त्यांचे हॅश ताडले, दोन फाइली जुळल्या नाहीत, आकार मात्र तंतोतंत सारखा. त्या परत कॉपी केल्या. मांडवी_किनारा, तुमच्या प्रश्नामुळे वाचलो, एका घरचं कन्यादान त्यात होतं.

तांबडी_माती
माझी डिस्क संगणकाच्या निळ्या पोर्टला लावली. टक टक नाही, सिनेमा पूर्ण गेला. टीव्हीला लावली की पुन्हा तेच. म्हणजे टीव्हीच वीज कमी देतो. स्वतंत्र चार्जरवाला हब घेतोय.

खडकवासला_नेट
उशिरा आलो. ब्रिज चिपचं फर्मवेअर नवं टाकलं की सुटण्याचा त्रास जातो असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. पॅडच्या आधी ते करायला हवं होतं ना?

सोल्डरगन
काही चिपांना त्याने खरंच फरक पडतो, विशेषतः काही न करता नुसता जोडून ठेवलेला ड्राइव्ह झोपून सुटतो तेव्हा. पण केसिंग विकणारे त्याच नावाखाली आतली चिप बदलतात. दुसऱ्या चिपचं फर्मवेअर टाकलं तर केसिंग कायमचं मुकं होतं. चिपवरचा नंबर भिंगाने वाचल्याशिवाय करू नका. अकोलेकरांचं चालू झालंय, त्यांनी तर हात लावूच नये.

अकोलेकर_शटर
हात लावत नाही. पण एक बाकी आहे. काल दुपारी लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर, पंखा बंद, आणि कॉपी चालू असताना ड्राइव्ह पुन्हा एकदा सुटला. तेव्हा एसएसडी ६६ वरच होती. पंख्याशिवाय आख्खं ९०० जीबी गेलं होतं, मग आता का?

पेंग्विन_सातारा
बॅटरीवर गेल्यावर लॅपटॉप यूएसबीची वीज आखडतो का ते बघा. पॉवर ऑप्शन्समध्ये `USB selective suspend setting` बॅटरीसाठी वेगळं असतं. पण ते काम नसताना नुसत्या जोडून ठेवलेल्या उपकरणांसाठी असतं, कॉपी चालू असताना ते मध्ये पडायला नको, म्हणून माझी खात्री नाही.

सोल्डरगन
मला पोर्टचा संशय येतोय. लाइट असताना, पंखा बंद ठेवून, एकदा चार्जर लावून आणि एकदा चार्जर काढून, तेवढंच फूटेज पाठवून बघा. दोन्ही वेळा आधी केसिंग पूर्ण गार होऊ द्या. चार्जर काढलेला असतानाच सुटला तर ती उष्णता नाही, लॅपटॉपची वीज आहे. मग पॅडमध्ये आणखी काही करायचं कारण नाही.

अकोलेकर_शटर
रविवारी शूट नाही, तेव्हा दोन्ही करून इथेच लिहितो.